पिवळा कागद, सहा-बाय-सहाची नजर आणि न वाचणारे पोर

जेसल पार्कमध्ये आम्ही संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. खोली लहान आहे, मुले जास्त आहेत. बहुतेकांचे आईबाप भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यांत, इमिटेशन दागिन्यांच्या कामात किंवा घरकामाला जातात. या खोलीत एक आई एके दिवशी पाकीट घेऊन आली. पाकिटात पिवळ्या पारदर्शक प्लास्टिकचा एक कागद होता आणि रंगीत छपाईचा दोन पानी रिपोर्ट होता. सोसायटीच्या हॉलमध्ये भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरात एका खासगी केंद्राने तो दिला होता. तिचा मुलगा पाचवीत, मराठी शाळेत. त्याला वाचता येत नाही. रिपोर्टमध्ये लिहिले होते की मुलाच्या मेंदूला पांढऱ्या कागदाची चकाकी सहन होत नाही, म्हणून अक्षरे हलतात; पिवळा रंग त्याला लागू पडतो; आत्ता कागद वापरा, पुढे त्याच रंगाच्या काचांचा चष्मा करा आणि दरवर्षी रंग पुन्हा तपासून घ्या. चष्म्याची किंमत त्या बाईच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती.

"दादा, हप्त्यावर देतो म्हणतात. घेऊ का?" एवढेच तिने विचारले.

आम्ही त्या दिवशी घेऊ नका म्हटले. पण नुसते घेऊ नका म्हणणे म्हणजेही एका अधिकाराच्या जागी दुसरा अधिकार बसवणे झाले. शिबिरवाल्यांच्या अंगावर पांढरा कोट होता, आमच्याकडे तर तोही नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नये, हे कालाम सुत्तातले सांगणे आम्ही जाहीर सभेत तावातावाने मांडतो, मग घरातल्या पोराच्या बाबतीत ते का सोडावे? म्हणून आम्ही त्या कागदाची परीक्षा घ्यायचे ठरवले. ती कशी घेतली ते इथे सविस्तर लिहितो, कारण असली पाकिटे आता आणखी घरांत येणार आहेत.

आधी हा दावा कुठून आला ते पाहू. १९८० च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ऑलिव्ह मिअर्स या शिक्षिकेने लिहिले की काही मुलांना पांढऱ्या पानावरचा मजकूर त्रास देतो आणि रंगाने तो त्रास कमी होतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हेलन आयर्लेन यांनी त्याला एका सिंड्रोमचे नाव दिले आणि रंगीत कागद व रंगीत काचा देण्याची पद्धत उभी केली. पुढे जगभर त्याची केंद्रे निघाली. आपल्याकडे ही कल्पना लोकांना चटकन पटते, त्याचे एक कारण सिनेमा आहे. २००७ च्या 'तारे जमीन पर' मधल्या मुलाला अक्षरे नाचताना दिसतात. त्या सिनेमाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात नेला, हे त्याचे मोठे उपकार आहेत. पण त्याबरोबर डिस्लेक्सिया म्हणजे चुकीचे दिसणे अशी समजूतही घराघरात गेली. दिसण्याचा घोटाळा असेल तर उपाय चष्म्याच्या दुकानात मिळणार, हे मग ओघानेच आले.

यातली गंमत अशी की डिस्लेक्सिया हा शब्दच एका डोळ्यांच्या डॉक्टरने घडवला. १८८७ मध्ये स्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन यांनी तो मेंदूला इजा होऊन वाचन गेलेल्या मोठ्या माणसांसाठी वापरला. ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवुड हेही नेत्रशल्यविशारदच. त्यांनी मुलांमधल्या जन्मजात 'शब्दांधते'चा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक लिहिले. न वाचणारी मुले त्यांच्याकडे डोळे तपासायलाच आणली जात होती, आणि तपासून ते सांगत होते की डोळे ठीक आहेत, अडचण त्यामागे मेंदूत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट आपल्या खात्यातून काढून दिली, ती आज त्याच खात्याच्या नावाने विकली जाते आहे.

आता आमच्या मुलाकडे येतो. त्याला आम्ही फळ्यावर चार ओळी लिहून दिल्या आणि वहीत उतरवायला सांगितल्या. त्यात 'क्षत्रिय', 'प्रश्न', 'वर्ग', 'विद्यार्थी' असे शब्द मुद्दाम घातले होते. त्याने सगळे उतरवले. रफार जागेवर, वेलांटी जागेवर, अक्षर आमच्यापेक्षा चांगले. मग त्याचीच वही त्याच्यापुढे ठेवून म्हटले, वाच. 'प्रश्न'चे 'परश' झाले, 'वर्ग'चे 'वरग' झाले, 'विद्यार्थी'ला त्याने 'विठ्ठल' म्हटले आणि 'क्षत्रिय'पाशी तो थांबून आमच्या तोंडाकडे पाहू लागला.

यावर जरा थांबू या. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे खरोखर हलत असती, उलटी होत असती, तर ती वहीतही हललेली आणि उलटी उतरली असती. हाताने जे बरोबर काढले ते डोळ्याने बरोबर पाहिलेले होते. चित्र बरोबर पोचले, त्याचा उच्चार सापडला नाही. अमेरिकेत फ्रँक व्हेल्युटिनो यांनी १९७० च्या दशकात हेच प्रयोगाने दाखवले होते. त्यांनी वाचनात कच्च्या आणि पक्क्या अशा दोन्ही मुलांना हिब्रू अक्षरे दाखवली, जी दोघांनाही अनोळखी होती, आणि आठवणीतून काढायला सांगितली. कच्च्या वाचकांनीही ती पक्क्यांइतकीच बरोबर काढली. इंग्रजी शब्द उलटा वाचणारी मुले तोच शब्द लिहिताना मात्र अक्षरांचा क्रम बरोबर ठेवत होती. नजर आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला यापेक्षा सोपा प्रयोग आम्हाला तरी माहीत नाही. खडू आणि वही असलेला कोणताही शिक्षक तो दहा मिनिटांत करू शकतो.

पण आई म्हणाली, "शिबिरात पिवळा कागद ठेवल्यावर तो खरंच भरभर वाचत होता. मी समोर होते." ती खोटे बोलत नव्हती. रिपोर्टमध्ये आकडेही होते: कागदाशिवाय मिनिटाला १९ शब्द, पिवळ्या कागदाखाली २४. पाच शब्दांची वाढ म्हणजे पंचवीस टक्क्यांहून जास्त. हा आकडा पाहून कोणत्याही आईचा जीव हरखेल.

आम्ही विचारले, उतारा कोणता होता? तोच होता. आधी साध्या पानावर वाचून घेतला, मग तोच पिवळ्याखाली.

मग आम्ही स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून निळा जिलेटीन पेपर आणला आणि तिसरीच्या पुस्तकातून साधारण सारख्या अवघड असे सहा वेगवेगळे उतारे काढले. पहिल्या दिवशी आधी रंगाशिवाय, मग पिवळा, मग निळा. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने, कारण पहिल्या उताऱ्याला मूल बिचकते आणि शेवटच्याला कंटाळते, त्याचा दोष कुठल्याच रंगाच्या माथी यायला नको. प्रत्येकी एक मिनिट घड्याळ लावले आणि फक्त बरोबर वाचलेले शब्द मोजले. रंगाशिवाय २१ आणि २१, पिवळ्याखाली २० आणि २२, निळ्याखाली २२ आणि २३. म्हणजे तिन्हींत तसा फरक नाही, आणि जो किंचित आहे तो निळ्याच्या बाजूने आहे, शिबिराने दिलेल्या पिवळ्याच्या बाजूने नाही. एक-दोन शब्द इकडेतिकडे तर कोणाचेही रोज होतात. त्यानंतर आम्ही शिबिराचीच पद्धत वापरली, फक्त रंग काढून टाकला. एकच उतारा साध्या पानावर लागोपाठ दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा २०, दुसऱ्यांदा २५.

पाच शब्दांची तीच वाढ कुठल्याही कागदाशिवाय आली. दुसऱ्यांदा वाचताना गोष्ट माहीत असते, अडलेला शब्द आठवतो, म्हणून वेग वाढतो. शिबिरात हप्त्यावर विकला जात होता तो हा वाढलेला वेग.

शेवटी मुलाला विचारले की कोणत्या कागदाने बरे वाटले. तो म्हणाला, पिवळ्याने. आम्हाला यात त्याची लबाडी दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्या माणसाने त्याला 'तू आळशी नाहीस, तुझ्या डोळ्यांना त्रास होतो' असे सांगितले होते, आणि त्या सांगण्याबरोबर पिवळा कागद दिला होता. तो त्याला का आवडू नये? पण बरे वाटणे आणि वाचता येणे यांची मोजमापे वेगळी आहेत. रंगाची निवड सगळी मुलाच्या सांगण्यावर होते: 'अक्षरं हलतात का? कोणत्या रंगात कमी हलतात?' असा प्रश्न चार वेळा विचारला की मूल हलतात म्हणते. प्रश्नातच उत्तर दिलेले असते.

आमचा प्रयोग एका मुलावरचा आहे, त्यावर कोणी शास्त्र उभे करू नये. पण मोठ्या प्रयोगांत काय दिसले? एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये वाचनात मागे असलेली ७ ते १२ वर्षांची ६१ मुले घेतली. आयर्लेन पद्धतीच्याच अनुभवी तपासनीसाने ती तपासली. त्यातल्या ७७ टक्के मुलांना हा सिंड्रोम असल्याचे निदान झाले. मग त्यांचे वाचन ठरवून दिलेला रंग, भलताच रंग आणि रंगाशिवाय असे मोजले. ठरवून दिलेल्या रंगाचा काही फायदा दिसला नाही. वर्षभराने पुन्हा पाहिले, तरी नाही. आमच्या मते त्यात फायद्याच्या आकड्यापेक्षा ७७ टक्के हा आकडाच जास्त बोलका आहे. ज्या चाचणीत चारातली तीन मुले अडकतात, ती चाचणी कोणाला वेगळे काढते आहे? २०१६ मध्ये याविषयीच्या सगळ्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेणारा लेख नेत्रतपासणीच्या क्षेत्रातल्याच एका नियतकालिकात आला. वाचनाच्या अडचणीवर रंगीत काचा किंवा कागद सुचवावेत असा पुरावा नाही, हाच त्याचा निष्कर्ष आहे. काही लोकांना, विशेषतः अर्धशिशीवाल्यांना, पांढऱ्या उजेडाचा खरोखर त्रास होतो आणि रंगाने आराम पडतो, हे आम्ही नाकारत नाही. या विषयात आयुष्य घालवलेले आणि रंगांच्या बाजूने बोलणारे इंग्लंडचे अर्नोल्ड विल्किन्सही तो त्रास आणि डिस्लेक्सिया वेगळे मानतात. आरामासाठी कोणाला पिवळा कागद हवा असेल तर तो जिलेटीन पेपरच्या किमतीत मिळतो. त्याला रिपोर्ट लागत नाही.

इथे एक धोका आहे. वरचे सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे डोळे तपासायची गरजच नाही. तसे मुळीच नाही.

त्याच अभ्यासिकेतली सहावीतली एक मुलगी. तीही 'वाचत नाही' अशीच तक्रार होती. शाळेच्या तपासणीत ६ मीटरवरचा तक्ता तिने शेवटपर्यंत वाचला, दोन्ही डोळे सहा-बाय-सहा, म्हणून नजर उत्तम असा शेरा. पण आम्ही तिच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा वेगळेच दिसले. पहिले पान ती सुरेख वाचते. दहा मिनिटांनी पुस्तक लांब धरते, डोळे चोळते, कपाळ दुखते म्हणते आणि ओळ चुकू लागते. चुका वाढतात त्या वेळेबरोबर, शब्दाच्या अवघडपणाबरोबर नाही. तेच शब्द फळ्यावर मोठे लिहिले की काहीच अडत नाही. तिला आम्ही सरकारी रुग्णालयात पाठवले आणि थेंब घालून तपासायला सांगितले. दोन्ही डोळ्यांना प्लस साडेतीनचा नंबर निघाला.

हे शाळेत का सापडले नाही? लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग लवचिक असते. प्लसचा नंबर असला तरी मूल ते भिंग जोर लावून फुगवते आणि लांबचा तक्ता स्पष्ट पाहते. जवळच्या पुस्तकासाठी त्याहून जास्त जोर लावावा लागतो. तो थोडा वेळ जमतो, मग थकतो. लांबचा तक्ता हा जोर पकडतच नाही. तो सैल पाडणारे थेंब घालून, डोळ्यात उजेड टाकून नंबर काढला तरच खरा आकडा दिसतो. म्हणून वाचनाची तक्रार असलेल्या मुलासाठी नुसता तक्ता पुरेसा मानू नका. प्रत्येक डोळा वेगळा तपासला का, जवळचे छापील वाचून घेतले का, थेंब घातले का, आणि पेनाचे टोक नाकाकडे आणताना दोन्ही डोळे ते कुठपर्यंत एकत्र धरतात हे पाहिले का, एवढे विचारा. शेवटच्या तपासणीत साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत टोक एकच दिसले तर ठीक. त्याआधीच दोन दिसू लागले तर डोळे जवळ वळण्यात कमजोरी आहे आणि तिच्यावर व्यायाम आहेत.

मुलीला चष्मा लागला आणि महिन्याभरात तिची तक्रार संपली. तिला वाचता येतच होते, ती फक्त थकत होती. डोळ्यांची तपासणी हे सांगू शकते आणि ते फार मोलाचे आहे.

आमच्या मुलाचे काय झाले? त्याचीही तपासणी तशीच पूर्ण करून घेतली. नजर सहा-बाय-सहा, थेंब घालूनही चष्म्याजोगा नंबर नाही, दोन्ही डोळे नाकाजवळ ५ सेंटिमीटरपर्यंत एकत्र. डॉक्टरांनी लिहून दिले, डोळे निरोगी. आई घरी आली आणि नवरा म्हणाला, "बघ, डोळे चांगले आहेत, म्हणजे नाटकं करतो." पिवळ्या कागदाइतकेच हेही चूक आहे. डोळे निरोगी याचा अर्थ डोळे निरोगी एवढाच होतो. मुलाला डिस्लेक्सिया आहे असेही तो कागद सांगत नाही आणि नाही असेही सांगत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या ५,८०० हून जास्त मुलांचे डोळे आणि वाचन दोन्ही तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. वाचनात अतिशय मागे असलेल्या दर पाच मुलांतल्या चौघांचे डोळे तपासणीत ठीक होते. उरलेल्यांत काही दोष सापडले, पण असे दोष चांगल्या वाचणाऱ्या मुलांतही सापडत होते. आणि दोष सापडला, तो बरा केला, म्हणजे वाचन सुधारेल याचीही खात्री नाही. डोळे जवळ वळण्यात कमजोरी असलेल्या तीनशेहून जास्त मुलांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. खऱ्या व्यायामाने डोळे सुधारले, पण वाचून समजण्यात ती मुले खोटे व्यायाम दिलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट होती, कॅमेऱ्याने टिपलेली डोळ्यांची हालचाल: मुलाची नजर अडखळते, मागे जाते, पुन्हा तिथेच येते. हे खरेच आहे. तुम्हा-आम्हाला कोर्टाचा जुन्या मोडी वळणाचा आदेश वाचायला दिला तर आपलीही नजर अशीच मागेपुढे होईल. शब्द उलगडत नाही म्हणून नजर अडखळते. परिणामाला कारण ठरवून त्यावर उपचार विकायचा, ही युक्ती आमच्या समाजाला नवीन नाही. शिकू दिले नाही म्हणून अडाणी राहिलेल्यांना, अडाणी आहेत म्हणून शिकवण्यात अर्थ नाही, असे याच पद्धतीने सांगितले जात होते.

मग मुलाची अडचण शोधायची कुठे? कानावर पडलेल्या शब्दाचे तुकडे करता येतात का, तिथे. आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि नुसते तोंडी विचारले. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते? बराच वेळ गप्प, मग म्हणाला 'फूल'. 'पाटी, पाणी, मासा' यात वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता? म्हणाला 'पाणी', कारण बाकीच्या वस्तू. तो अर्थाने उत्तर देतो, आवाजाने नाही. मग 'टिमोक', 'गेसुळ', 'प्राभन' असे निरर्थक वीस शब्द लिहून दिले, म्हणजे पाठांतराचा किंवा अंदाजाचा आधार उरू नये. वीसातले तीन बरोबर आले. त्यानंतर ज्या धड्यापाशी तो अडत होता तोच आम्ही त्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. सगळी उत्तरे बरोबर आणि वर एक प्रश्न त्यानेच आम्हाला विचारला. कानाने ऐकून सगळे समजते, डोळ्याने पाहून हुबेहूब उतरवता येते, आणि मधला पूल, म्हणजे या चिन्हाचा हा आवाज, तो तेवढा कच्चा आहे. डिस्लेक्सियाचा संशय घ्यायचा तो इथे.

आपल्या लिपीत हा पूल लांब आहे. क्ष-ज्ञ धरून ३६ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी म्हणजे चारशेच्या वर आकार, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसले की अशी अक्षरे पक्की व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा खूप जास्त वर्षे लागतात. म्हणूनच शिक्षक 'येईल हळूहळू' म्हणतात आणि पाचवी उजाडते.

निदान मात्र आम्ही करत नाही आणि करूही नये. त्याचा रस्ता कायद्याने आखलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता हे दिव्यांगत्व मानले आहे. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत क्रमही दिला होता: बालरोगतज्ज्ञाने आधी मुलाची नजर आणि ऐकणे तपासायचे, मग मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक काढायचा आणि त्यानंतर वाचन-लेखनाच्या चाचण्या व्हायच्या. म्हणजे डोळ्यांच्या तपासणीला त्या सूचनांनी दाराशी उभे केले होते, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेले नव्हते. त्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकत होते. महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेला अशा मुलांना सवलती आहेत, जादा वेळ त्यातली एक. रंगीत चष्म्याच्या रिपोर्टवर यातले काहीही मिळत नाही.

या रस्त्यावरही आमचे भांडण आहेच. २०१८ च्या त्या सूचनांत पुढे जायला बुद्ध्यांक ८५ च्या वर लागत होता. बुद्ध्यांक चाचणीतला शब्दसंग्रह वाचनातून येतो. ज्याच्या घरी पुस्तक नाही आणि ज्याला वाचताही येत नाही, तो पोर ७९ वर अडला की त्याला 'मंद' म्हणून परत पाठवले जाणार, असा तो नियम होता. श्रीमंताच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि आमच्या मुलाला डोके नाही, अशी ही वाटणी होऊ शकते, आणि ती कोणी मुद्दाम केली नाही तरी होते. म्हणून मराठीत शिकणाऱ्या मुलाची चाचणी मराठीतच मागा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केला आहे. त्यात पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षकाने भरायची प्राथमिक चाळणीही आहे. 'मराठीत चाचणी नसते' हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

आमचे काही मित्र म्हणतात, एका प्लास्टिकच्या कागदावर इतके कशाला लिहायचे, नुकसान तर काही नाही ना? आहे. दोन महिन्यांचा पगार आहे. त्याहून मोठे नुकसान वर्षाचे आहे. पिवळ्या कागदावर भरवसा ठेवून पाचवी गेली, रंग पुन्हा तपासण्यात सहावी गेली, तर सातवीत मूल शाळेतून बाहेर पडून कुठल्यातरी गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर उभे राहिलेले आम्ही दाखवू शकतो. ज्या आईकडे महागड्या शिकवणीचा दुसरा पर्याय आहे तिला हा डाव हरणे परवडते.

आणि पर्याय आहे, तो रंगीत नसला तरी. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये छापलेल्या प्रयोगात आवाज ओळखण्यात कच्च्या असलेल्या ६५ लहान मुलांचे गट केले आणि त्यातल्या काहींना दोन वर्षांत ४० बैठका देऊन शब्दांतले आवाज वेगळे करायला शिकवले. ज्यांना त्याच वेळी प्लास्टिकच्या अक्षरांनी तो आवाज हातात धरून दाखवला, ती मुले वाचनात सर्वांत पुढे गेली. आमच्याकडे प्लास्टिकची अक्षरे नाहीत, पुठ्ठ्याची केली आहेत. व्यंजन एका पुठ्ठ्यावर, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या पुठ्ठ्यांवर, रफार लाल. रोज वीस मिनिटे. आधी शब्द तोंडी तोडायचा, मग पुठ्ठ्यांनी जोडायचा, मग वाचायचा, आणि शेवटी एक निरर्थक शब्द, म्हणजे अंदाज मारता येऊ नये. आठवड्याला चार-पाच नवे आकार, त्याहून जास्त नाही.

चार महिने झाले आहेत. निरर्थक शब्द वीसातले अकरा येतात. नव्या उताऱ्यावर मिनिटाला ३४ शब्द येतात, त्याच्या शेजारी बसणारा मुलगा ७० च्या वर वाचतो. रफार अजून घसरतो. प्रमाणपत्रासाठी मोठ्या रुग्णालयातली पहिली तारीख मिळाली आहे, त्या दिवशी आईचा खाडा होणार आहे, म्हणून सोबत आमच्यातले कोणीतरी जाईल. पिवळा कागद मुलाने वहीला कव्हर म्हणून घातला आहे.